पातळ कागदावर मागची शाई उमटली असेल तर हस्तलिखित पानाचा फोटो कसा वाचावा?

सातारा-सांगली भागातल्या पुष्कळ घरांत जुन्या हिशेबाच्या वह्या, पत्रं आणि रोजनिशा अजून जपून ठेवलेल्या असतात. असं पान मोबाईलवर फोटो काढून उतरवून घ्यायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती पातळ कागदाची. पान पाठपोट लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना मजकूर असतो. मग फोटोत पुढच्या ओळींमध्ये मागच्या ओळींची सावली दिसते. या पाठात आपण एकच गोष्ट नीट शिकणार आहोत : मागची शाई ओळखायची कशी आणि ती पुढच्या मजकुरात मिसळू द्यायची नाही कशी.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

मागची शाई दिसण्याची कारणं दोन आहेत आणि दोघांवरचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण म्हणजे कागद पातळ असल्यामुळे मागचं आरपार दिसणं. इथे शाई मागच्याच बाजूला असते, पण उजेड कागदातून पलीकडे जातो, खालच्या पांढऱ्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि येताना मागची अक्षरं दाखवतो. दुसरं कारण म्हणजे शाई फुटणं. इथे शाई कागदाच्या धाग्यांत मुरून खरोखरच पुढच्या बाजूला आलेली असते.

ओळखायची सोपी रीत अशी. पानाखाली पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा. मग त्याच जागी, त्याच उजेडात, पानाखाली काळा कार्डपेपर ठेवून दुसरा फोटो काढा. काळा कागद पलीकडे गेलेला उजेड गिळून टाकतो, परत पाठवत नाही. त्यामुळे आरपार दिसणारी अक्षरं दुसऱ्या फोटोत एकदम फिकी होतात. पान थोडं काळपट दिसेल, त्याची चिंता करू नका. दोन्ही फोटोंत जे डाग सारखेच राहिले, ती फुटलेली शाई.

वही बांधलेली असेल तर काळा कार्डपेपर त्याच पानाच्या मागे अलगद सरकवा. त्यामुळे पुढच्या पानावरचा मजकूरही झाकला जातो. कार्डपेपरचा रंग हाताला लागतो का, हे आधी बघून घ्या. पान खिडकीसमोर धरून फोटो काढू नका, कारण मागून उजेड आला की मागची अक्षरं आणखी ठळक होतात. उजेड समोरून, दोन्ही बाजूंनी तिरका यायला हवा.

आणखी एक काळजी. मोबाईलच्या स्कॅनरमधला काळा-पांढरा पर्याय इथे वापरू नका. तो प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा करतो नाहीतर पूर्ण पांढरा. मग मागची फिकी रेघ पुढच्या रेघेइतकीच काळी होऊन बसते आणि दोघींतला फरक कायमचा पुसला जातो. मूळ रंगीत फोटो तसाच जपून ठेवा आणि जे काय करायचं ते त्याच्या प्रतीवर करा.

मागच्या बाजूचाही फोटो हवाच

पुढचं पान वाचायला मागच्या पानाचा फोटो लागतो, हे बरेच जण विसरतात. मागच्या फोटोला आरशात बघितल्यासारखं उलटं केलं की मागची प्रत्येक रेघ पुढच्या बाजूला कुठे उमटणार हे कळतं. संगणकावर ImageMagick असेल तर पहिली आज्ञा डावं-उजवं उलटं करते :

```
magick maage.jpg -auto-orient -flop maage_ulta.png
magick pudhe.jpg -channel R -separate pudhe_r.png
```

दुसरी आज्ञा पुढच्या फोटोतला फक्त लाल भाग वेगळा काढते. फुटलेली शाई पुष्कळदा तपकिरी पडते. तपकिरी डाग लाल भागात फिका दिसतो आणि काळी किंवा निळी शाई मात्र गडदच राहते. म्हणून वाचायला हा फोटो बरा पडतो. मागची शाई तपकिरी न होता काळीच राहिली असेल तर मात्र या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही.

पोथीचं पान वरच्या दिशेला उलटतात. तिथे मागची बाजू सरळ वाचता येईल असा फोटो काढला असेल तर `-flop` ऐवजी `-flip` वापरा, म्हणजे वर-खाली उलटं होईल.

आता GIMP मध्ये पुढचा फोटो उघडा आणि `File > Open as Layers` करून उलटा केलेला मागचा फोटो त्यावर ठेवा. वरच्या थराचा `Opacity` 50 करा. पानाचे कोपरे आणि एखादं भोक किंवा फाटलेली कड जुळवून घ्या. म्हणजे कोणती सावली कुठल्या अक्षराची आहे, ते समोरच दिसतं.

खरा धोका कुठे असतो?

मागून उमटलेलं अख्खं अक्षर ओळखणं अवघड नाही. ते उलटं असतं, वेलांटी भलत्याच बाजूला वळलेली असते, लिहिणाऱ्याचा हात उजवीकडे झुकत असेल तर सावलीतली अक्षरं डावीकडे झुकलेली दिसतात. पण तीन खुणा अशा आहेत की आरशात उलट्या केल्या तरी तशाच दिसतात : टिंब, उभी रेघ आणि आडवी रेघ. आणि मराठीत नेमक्या याच तीन खुणा अर्थ बदलतात.

टिंब म्हणजे अनुस्वार. इथे आजच्या शुद्धलेखनावर विसंबून चालत नाही. 1962 च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या लिखाणात 'त्यानें', 'घरें' अशी टिंबं नेहमीची होती. म्हणून 'हे टिंब आज लागत नाही, म्हणजे मागचंच असणार' असं म्हणू नका.

आडवी रेघ म्हणजे शिरोरेघ. मोडीत ओळभर रेघ आधी ओढून तिला अक्षरं टांगत जायची पद्धत होती. त्यामुळे मागच्या रेघा पुढच्या दोन ओळींच्या मधोमध आल्या तर एक जास्तीची ओळ आहे असा भास होतो. त्या रेघेला लटकलेली अक्षरं सुलटी आहेत की उलटी, हे बघितलं की उलगडा होतो.

उभी रेघ सगळ्यात फसवी. ती काना असू शकते, दंड असू शकतो आणि जुन्या हिशेबात तर ती पैसे असते.

एक उदाहरण सोडवून बघू

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. हिशेबात पाव रुपया म्हणजे चार आणे एका उभ्या रेघेने दाखवत. ४। म्हणजे सव्वाचार रुपये, ४॥ म्हणजे साडेचार आणि ४॥। म्हणजे पावणेपाच. म्हणजे मागून एक रेघ उमटली की चार आणे वाढले!

समजा, वाळवा तालुक्यातल्या एका घरातल्या वहीचं पान आहे. फोटोत असं दिसतं :

पेंड ४॥
मजुरी २॥
तेल १।
दोरखंड ३
एकूण ११

बेरीज करून बघा. साडेचार आणि अडीच मिळून सात, त्यात सव्वा मिळवला की सव्वाआठ, आणि तीन मिळवले की सव्वाअकरा. पानावर मात्र अकराच लिहिले आहेत. म्हणजे चार आणे जास्त दिसतायत, एक रेघ मागची असावी.

पण कोणती? घाई करू नका. पेंडीची एक रेघ काढली तरी बेरीज अकरा येते, मजुरीची काढली तरी येते आणि तेलाची काढली तरी येते. बेरीज फक्त किती चुकतंय ते सांगते, कुठे ते सांगत नाही.

आता पट्टी घ्या. पान 16 सेंमी रुंद आहे. पेंडीची दुसरी रेघ डाव्या कडेपासून 12.5 सेंमीवर आहे. मागच्या बाजूला तीच जागा उजव्या कडेपासून 12.5 सेंमीवर, म्हणजे डाव्या कडेपासून 3.5 सेंमीवर येणार. वरच्या कडेपासूनचं अंतर मात्र दोन्हीकडे तेच राहतं. तिथे बघितलं तर 'राहणार' या शब्दातला काना आहे. मजुरीच्या आणि तेलाच्या रेघांमागे मात्र कोरा कागद आहे. म्हणजे त्या दोन रेघा पुढच्याच, आणि पेंड सव्वाचार रुपयांची.

इथे दोन पुरावे एकमेकांना धरून आहेत : बेरीज आणि जागा. एकट्या बेरजेवर निर्णय देऊ नका, कारण लिहिणाऱ्याचीही बेरीज चुकलेली असू शकते.

पुसायचं की नाही?

मागची सावली फार गडद असेल तर ती कमी करता येते. मघाशी जुळवलेल्या वरच्या थरावर `Colors > Invert` करा, `Filters > Blur > Gaussian Blur` ने दोन-तीन पिक्सेल पुसट करा, थराचा `Mode` हा `Screen` ठेवा आणि `Opacity` 20 पासून हळूहळू वाढवा. जिथे मागे शाई आहे तिथेच पुढचा फोटो उजळतो आणि सावली कागदाच्या रंगात मिसळते.

याला मर्यादा आहेत. पुढची आणि मागची रेघ एकाच जागी आली असेल तर पुढची रेघही फिकी पडते. आणि पान सुरकुतलेलं असेल तर दोन फोटो सगळीकडे जुळत नाहीत, मग सावलीशेजारी पांढरी कड दिसू लागते. अशी कड दिसली की समजा, थर सरकलाय. पानाचे तुकडे पाडून एकेक तुकडा वेगळा जुळवा. उजळलेला फोटो वाचायला घ्या, पण शंका आली की मूळ फोटोकडेच परत जा.

दोन्ही करूनही एखादी खूण ठरत नसेल तर अंदाजाने लिहू नका. चौकटी कंसात टाका : पेंड ४।[।]. खाली टीप द्या : 'दुसरी रेघ मागच्या बाजूची असण्याची शक्यता.' पुढच्या वाचणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते यातून कळतं.

आणि हो, पानावर जे आहे तेच उतरवा. वाळव्याच्या 1949 आधीच्या कागदावर 'जिल्हा सातारा' दिसलं तर ते मागून आलेलं नाही आणि लिहिणाऱ्याची चूकही नाही. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं.

सराव

1. घरातलं पाठपोट लिहिलेलं एक पातळ पान घ्या. पांढरा आणि काळा कागद खाली ठेवून दोन फोटो काढा. कोणते डाग आरपार दिसणारे आणि कोणते फुटलेले, ते लिहा.

2. पुढच्या बाजूची, शंका वाटणारी तीन टिंबं किंवा उभ्या रेघा निवडा. पट्टीने मोजून त्यांच्या मागे काय आहे ते तपासा.

3. फोटोत ६॥।, २। आणि एकूण ८॥। असं दिसतं. मागची रेघ कुठे असू शकते, त्या सगळ्या शक्यता लिहा. (इशारा : एकूण आकड्यातली रेघसुद्धा धरा. ती मागची असती तर बेरीज जुळायला जवळ गेली असती की लांब?)