हरतालिका आणि बीपीची गोळी



हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी नागपुरात बर्डीवरच्या औषधाच्या दुकानांत एकच प्रश्न येतो: "उद्या निर्जळी आहे, बीपीची गोळी घेऊ का?" काउंटरवरचा नवशिका फार्मासिस्ट "घ्या" तरी म्हणतो, नाहीतर "एक दिवस राहू द्या" तरी. स्ट्रिपवरचं नाव न वाचता दिलेली ही दोन्ही उत्तरं सारखीच धोक्याची.

समजा, साठीच्या एक बाई सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ ही एकत्र गोळी घेतात, रात्री अ‍ॅम्लोडिपिन ५. रात्रीच्या गोळीची चिंता नाही. ती उपाशीपोटी चालते, आणि अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागत असल्याने दोन-चार तास पुढेमागे झाल्याने बिघडत नाही.

अडचण सकाळच्या गोळीची. तिच्यातलं हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं. इकडे पाणी पिणं बंद आणि वर भादव्यातला नागपुरी उकाडा, मग उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी कमी पडलं की मूत्रपिंड ज्या यंत्रणेच्या जोरावर स्वतःचं काम चालू ठेवतं, नेमकी तीच टेल्मिसार्टन अडवतं. अशात चहा न मिळाल्याने डोकं ठणकलं म्हणून बाईंनी आयब्युप्रोफेन घेतली, तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. आदल्या संध्याकाळी वेदनाशामक मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणूनच आधी बीपीचं विचारायचं असतं.

एकत्र गोळी मोडून त्यातलं एकच औषध वेगळं काढता येत नाही. त्या दिवसापुरती साधी टेल्मिसार्टन द्यायची, वेळ बदलायची की उपासालाच नाही म्हणायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यासाठी गिऱ्हाईक आठवडाभर आधीच त्यांच्याकडे गेलेलं बरं. मात्र क्लोनिडिन किंवा मेटोप्रोलॉल असेल तर मनाने एकही गोळी चुकवू नये. क्लोनिडिन एकाएकी बंद केलं की एक-दोन दिवसांत दाब उसळतो; हृदयविकार असलेल्याचं मेटोप्रोलॉल थांबलं तर छातीत दुखू लागतं.

पाण्याच्या घोटाने व्रत मोडेल ही भीती मात्र निराधार. धर्मशास्त्रात व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणीही आहे आणि औषधही. ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा घरच्या आजीने सांगितली की लवकर पटते.

घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं बसून दाब मोजावा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, किंवा उभं राहताच चक्कर आली, तर बाईंनी तिथेच पाणी पिऊन आडवं व्हावं आणि डॉक्टरांना फोन करावा. शुद्ध हरपली किंवा लघवी जवळपास थांबली तर थेट रुग्णालय. दुसऱ्या दिवशी चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नयेत.