‘जबाबदारी नाही’ असे लिहिले कोणी?

कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी, वय 66. पत्नीच्या निधनानंतर चार वर्षांनी त्यांनी एका विवाहसंस्थेत नाव नोंदवले. स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या परिचयात मुलांविषयी त्यांनी मोकळेपणाने लिहिले होते: ‘मुलगा-सून माझ्याबरोबर राहतात. नात पहिलीत आहे, तिच्यावाचून मला करमत नाही. मुलगी बंगळुरूला असते, पण रोज रात्री फोन करते. पुन्हा सोबत शोधा, हे या दोघांनीच सुचवले.’

संस्थेच्या सूचीत छापले गेले ते असे: ‘विधुर, 66, निवृत्त, स्वमालकीचा फ्लॅट. मुले सेटल. जबाबदारी नाही.’

हे त्यांना कळले ते एका निवृत्त शिक्षिकेशी तिसऱ्यांदा भेट झाली तेव्हा. गप्पा रंगल्या होत्या. नातीला स्कूलबसवरून घ्यायला जायचे आहे म्हणून ते उठू लागले. बाईंनी कप खाली ठेवला. “म्हणजे मुलगा तुमच्याकडेच राहतो?” त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून पुढे केला आणि त्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवले. “मी तर सगळं लिहून दिलं होतं,” हे त्यांचे म्हणणे बाईंना सारवासारव वाटली. त्या निघून गेल्या. नंतर फोनही उचलला नाही.

त्यांचा राग बाईंवर नाही, संस्थेवर आहे. जाब विचारायला गेले तर संचालिका म्हणाल्या, “काका, मुलांबद्दल एवढं लिहिलं की बायका घाबरतात. पुढचं भेटीत कळतंच.” ते अजूनही हे वाक्य सांगताना खुर्चीत पुढे सरकून बसतात. “घाबरायचं की नाही, हे त्या ठरवतील ना! साठी ओलांडलेल्या बाईला तीन भेटी फुकट घालवायला लावायच्या, आणि खोटारडा मी ठरायचं?” त्यांचे म्हणणे रास्त आहे.

नाव नोंदवू पाहणाऱ्या ओळखीच्यांना ते आता पहिली गोष्ट सांगतात ती ही: छापण्याआधी मजकुराची प्रत मागा, वाचा, तारीख घालून सही करा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. संस्था नाही म्हणाली तर पैसे भरू नका.

मुलांविषयीचा मजकूर त्यांनी काढला नाही, उलट वाढवला. समोरच्या बाईला मुले किती गुणी आहेत यापेक्षा त्या घरात आपले काय होणार हे हवे असते, असे भेटींतल्या प्रश्नांवरून त्यांच्या ध्यानात आले. नव्या परिचयात आहे: ‘मुलगा-सून सोबत. स्वयंपाकाला बाई आहेत. नातीला मी सांभाळतो, ते काम कोणावर टाकणार नाही. वेगळे राहायचे असल्यास भाड्याने घर घेण्याची तयारी आहे. मुलगा आणि मुलगी दुसऱ्या भेटीला येतील.’ फोन जरा कमी येतात. पण येतात ते सगळे वाचून आलेले.

‘स्वमालकीचा फ्लॅट’ हे शब्दही संस्थेचेच, आणि तेही चूक. फ्लॅट पती-पत्नीच्या नावावर निम्मा-निम्मा होता. पत्नीने मृत्युपत्र केले नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिचा निम्मा हिस्सा पती आणि दोन्ही मुलांत सारखा वाटला गेला. म्हणजे त्यांचे दोन तृतीयांश आणि मुलांचे प्रत्येकी एक षष्ठांश. मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिल्याशिवाय सगळा फ्लॅट त्यांचा होत नाही. त्यांनी आता तसेच लिहिले आहे आणि मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडे दिला आहे. मृत्युपत्र नसेल तर नंतर त्यांच्या हिश्श्यात दुसरी पत्नी आणि दोन मुले असे तीन सारखे वाटे पडतील, हे मुलांना त्यांनी आधीच सांगून टाकले.

समोरच्या बाईंच्या पेन्शनबद्दलही आधी बोलावे. तिची स्वतःच्या नोकरीची पेन्शन लग्नाने जात नाही. पण पहिल्या पतीमागे मिळणारी कुटुंबनिवृत्तिवेतनाची रक्कम केंद्र सरकारच्या नियमांनुसार पुनर्विवाहानंतर सहसा थांबते. खाते राज्याचे असेल तर त्या कार्यालयात लेखी विचारावे. याच कारणाने काहीजण लग्नाऐवजी लिव्ह-इन पसंत करतात. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी असे मंडळ 2012 मध्ये सुरू केले.

बाकी घाई करू नये, पहिल्या भेटी चारचौघांत कराव्यात, पैसे उसने देऊ नयेत, हे त्यांचे सल्ले सगळ्यांना माहीत असतात. ते सांगताना त्यांचा आवाज चढत नाही. सूचीचा विषय निघाला की चढतो. मजकूर बदलल्याचे संस्थेने लेखी कबूल करावे आणि त्या शिक्षिकाबाईंनाही कळवावे, असे पत्र त्यांनी दिले आहे. उत्तर आलेले नाही. नोंदणीचे पैसेही परत मिळालेले नाहीत.