बांधकामाचं व्याज: मीटर कधी सुरू, कधी बंद?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या गोदामासाठी आमच्या कंपनीने १ एप्रिल २०२३ रोजी १२ टक्के व्याजाने २ कोटींचं कर्ज उचललं. उद्घाटन २०२४च्या दिवाळीत झालं. तोवरचं सगळं व्याज इमारतीच्या किमतीत धरायचं का?

उत्तर : नाही. लेखा मानक १६ नुसार खर्च, व्याज आणि प्रत्यक्ष काम या तिन्ही गोष्टी सुरू झाल्याखेरीज व्याज किमतीत धरता येत नाही. तुम्ही वास्तुविशारदाची फी देऊन परवानगीचा अर्ज केला तो १ जूनला, सुरुवात तिथून. पाया खणलेला नसला तरी परवानगीची धडपड हे कामच. एप्रिल-मेचं व्याज नफा-तोट्यात जाईल.

पावसाळ्यात काम थांबलं, त्याची चिंता नको. कोकणात ते नेहमीचंच. कंत्राटदाराशी वाद होऊन नोव्हेंबर ते जानेवारी साइट ठप्प होती, ते तीन महिने मात्र वगळा.

३१ मे २०२४ला गोदाम तयार होतं, फक्त रंगाचा हात बाकी होता. शेवट तिथेच. उद्घाटनाच्या मुहूर्ताशी मानकाला देणंघेणं नाही! (प्राप्तिकरात मात्र प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंतचं व्याज महसुली खर्च म्हणून मिळत नाही, तो हिशेब वेगळा ठेवा.)

म्हणजे बारातून तीन वजा, नऊ महिने. दरमहा २ लाखांप्रमाणे १८ लाख. कर्जातली पडून असलेली रक्कम या काळात मुदत ठेवीत ठेवून दीड लाख मिळाले, तेही वजा करा. इमारतीच्या किमतीत साडेसोळा लाख जातील.