नफा झाला, रोकड कोठे?

एखाद्या कंपनीने मार्च महिन्यात ५ लाख रुपयांची शालेय बाके तयार करून उधारीवर पुरविली. लाकूड, मजुरी व वाहतूक यांचा ३.५ लाख रुपयांचा खर्च तिने त्याच महिन्यात रोखीने भागविला. ग्राहकाकडून रक्कम मात्र जूनमध्ये मिळणार आहे. ३१ मार्च रोजी कंपनीला नफा झाला की तोटा?

रोख पद्धतीत पैसा प्रत्यक्ष येतो वा जातो तेव्हाच नोंद होते. त्यामुळे पहिल्या वर्षी ३.५ लाखांचा तोटा व पुढील वर्षी ५ लाखांचा नफा दिसेल. दोन्ही वर्षांचे चित्र दिशाभूल करणारे ठरते.

उपार्जन पद्धतीत मालाचा ताबा ग्राहकाकडे जाताच उत्पन्न धरले जाते आणि त्यासाठी झालेला खर्च त्याच वर्षी त्यातून वजा होतो. म्हणून मार्चअखेर १.५ लाखांचा नफा दिसतो. न मिळालेले ५ लाख ताळेबंदात येणे म्हणून राहतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हीच पद्धती बंधनकारक आहे.

तथापि, या नफ्यातून एप्रिलचे वेतन देता येत नाही. त्यासाठी कर्ज काढावे लागू शकते. ग्राहकाने पैसे बुडविल्यास ती रक्कम बुडीत येणे म्हणून खर्ची टाकावी लागते. यासाठी नफ्यासोबत रोख प्रवाह विवरणपत्रही वाचावे. नफा वाढत असूनही व्यवसायातून मिळणारी रोकड सतत उणे असेल आणि येणे विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर वसुली रखडल्याचे ते लक्षण होय.