पॉझिटिव्हपैकी आजारी की आजारींपैकी पॉझिटिव्ह?

तर झालं असं. एम-थ्रीच्या क्लास टेस्टमध्ये सातवा प्रश्न दोन मार्कांचा होता. एका भागातल्या १ टक्का लोकांना एक आजार आहे. आजार असलेल्या माणसाची चाचणी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. आजार नसलेल्या माणसाचीही ती ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. त्या भागातला कोणताही एक माणूस निवडला आणि त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची संभाव्यता किती? पर्याय होते: (अ) ०.९०, (ब) ०.९५, (क) ०.१५, (ड) ०.००९.

मी (अ) ला गोल केला. पंधरा सेकंदसुद्धा लागली नाहीत. चाचणी ९० टक्के बरोबर, ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार ९० टक्के. यात विचार करण्यासारखं काय आहे? रात्री मेसमध्ये ताटावर बसलो तेव्हा कळलं की आमच्या विंगमधल्या नऊ जणांपैकी सहा जणांनी हेच केलंय. दोघांनी (ब) लिहिलं होतं. एकट्यानेच (क) लिहिलं होतं, आणि तोही म्हणाला, "अरे, एवढं सोपं उत्तर कधी असतं का, म्हणून दुसरं लिहिलं."

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलंच नाही. म्हणाले, "समजा इंदापूर तालुक्यातली १०,००० माणसं रांगेत उभी केली. आता मोजा." आम्ही मोजलं. १ टक्का आजारी, म्हणजे १०० माणसं. त्यातल्या ९० जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली, १० जण निसटले. उरलेली ९,९०० माणसं धडधाकट. त्यांच्यातल्या ५ टक्क्यांची चाचणी चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे ४९५. आता पॉझिटिव्ह चिठ्ठी हातात असलेल्या सगळ्यांना एका बाजूला घ्या. ९० आणि ४९५ मिळून ५८५ झाले. या ५८५ पैकी खरे आजारी फक्त ९०. ९० भागिले ५८५, म्हणजे २/१३, म्हणजे साधारण ०.१५. पर्याय (क).

वर्गात एकदम शांतता. कारण आकडेमोड चौथीतल्या पोराची होती आणि तरी आम्ही इंजिनिअरिंगवाले आपटलो होतो.

चूक कुठे झाली हे नीट पाहिलं तर ती गणिताची नाहीच, ती "पैकी" या शब्दाची आहे. प्रश्नात दिलेले ९० टक्के हे "आजारींपैकी किती पॉझिटिव्ह" याचे आहेत. विचारलंय ते "पॉझिटिव्हपैकी किती आजारी". पुस्तकी भाषेत पहिलं P(+|D) आणि दुसरं P(D|+). उभ्या रेघेच्या उजवीकडे जे आहे ती अट, म्हणजेच "पैकी"च्या आधी येणारा गट, म्हणजेच छेद. मी अट उलटवली आणि छेद बदलला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पहिल्या अपूर्णांकाचा छेद १०० आहे, दुसऱ्याचा ५८५. अंश मात्र दोन्हीकडे तेच ९० लोक आहेत. अंश सारखा असल्यामुळेच डोळ्यांना चकवा बसतो असं मला वाटतं.

आपल्या हॉस्टेलवरचंच उदाहरण घ्या. समजा एका वर्षाच्या बॅचमध्ये इंदापूर तालुक्यातली, म्हणजे भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर, बावडा अशा गावांची २० मुलं आहेत आणि त्यातली १८ हॉस्टेलला राहतात. हॉस्टेलमध्ये एकूण ३०० मुलं आहेत. इंदापूरकरांपैकी हॉस्टेलवर किती? ९० टक्के. पण मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये कोणी एक पोरगा भेटला, तर तो इंदापूरचा असण्याची संभाव्यता ९० टक्के आहे असं रेक्टरसुद्धा म्हणणार नाहीत. ३०० पैकी १८, म्हणजे ६ टक्के. इथे कोणी फसत नाही, कारण बाकीची २८२ मुलं रोज समोर दिसतात. चाचणीच्या प्रश्नातले ४९५ जण मात्र दिसत नाहीत, ते "५ टक्के" या छोट्याशा आकड्यात दडलेले असतात. ५ टक्के लहान वाटतात, पण ते ९,९०० चे ५ टक्के आहेत.

बाकीचे पर्यायही सरांनी उगाच दिलेले नव्हते. प्रत्येक चुकीचा पर्याय हे दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं. ०.९५ म्हणजे धडधाकट माणसाची चाचणी निगेटिव्ह येण्याची संभाव्यता. "चूक ५ टक्के, मग बरोबर ९५ टक्के" असं म्हणणारे दोघं तिथे अडकले. त्यांनीही अट उलटवलीच होती, फक्त वेगळ्या बाजूने. ०.००९ म्हणजे माणूस आजारीही आहे आणि पॉझिटिव्हही आहे, असं दोन्ही एकदम. म्हणजे १०,००० पैकी ते ९०. तिथे छेद म्हणून सगळी रांग घेतली गेली, पॉझिटिव्ह बाजूला काढलेच नाहीत.

मग मी हट्टाने सरांना विचारलं की अट उलटवून कधीच बरोबर उत्तर येत नाही का? येतं, पण एकाच परिस्थितीत. बेजचं सूत्र असं लिहा:

P(D|+) = P(+|D) × P(D) / P(+)

म्हणजे उलटवताना ०.९० ला P(D)/P(+) ने गुणावं लागतं. हा गुणक १ असेल, म्हणजे आजारी लोक आणि पॉझिटिव्ह लोक संख्येने सारखेच असतील, तरच दोन्ही संभाव्यता सारख्या. आमच्या प्रश्नात तो ०.०१ भागिले ०.०५८५, म्हणजे साधारण ०.१७ होता. याच चाचणीसाठी तो १ कधी होईल? गावातले एक तृतीयांश लोक आजारी असतील तेव्हा. ३,००० माणसं घ्या. १,००० आजारी, त्यातली ९०० पॉझिटिव्ह. २,००० धडधाकट, त्यातली १०० पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १,०००, त्यात आजारी ९००. बरोबर ०.९०! म्हणजे तिसरा हिस्सा गाव तापाने फणफणलेलं असतं तर माझं उत्तर बरोबर आलं असतं, तेही नशिबाने. पेपर तपासताना उत्तर मोठं वाटलं की आधी P(D) आणि P(+) शेजारी शेजारी लिहून बघायची सवय मला तेव्हापासून लागली आहे.

हा सगळा प्रकार नुसता पेपरातला नाही. २०२० साली आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नाकात अँटिजेन टेस्टची काडी गेली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १४ जून २०२० च्या सूचनेत पहिल्या मान्यताप्राप्त किटचे आकडे दिले होते. बाधितांपैकी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के, आणि बाधा नसलेल्यांपैकी निगेटिव्ह येण्याचं प्रमाण ९९.३ ते १०० टक्के. आपण ८४ आणि ९९.३ धरू. चुकून पॉझिटिव्ह फक्त ०.७ टक्का. किती छान किट! आता हेच किट दोन ठिकाणी वापरून बघा. दोन्हीकडचं बाधितांचं प्रमाण मी हिशोबासाठी धरलेलं आहे.

बारामतीच्या बाजारात लक्षणं नसलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्या १०,००० लोकांची तपासणी केली आणि त्यात १ टक्का बाधित असले, तर खरे पॉझिटिव्ह ८४ आणि चुकून पॉझिटिव्ह सुमारे ६९. म्हणजे पॉझिटिव्हपैकी खरे बाधित जेमतेम ५५ टक्के. तेच किट तापाच्या ओपीडीत वापरलं, जिथे समजा २० टक्के बाधित आहेत, तर २,००० पैकी १,६८० खरे पॉझिटिव्ह आणि ८,००० पैकी ५६ चुकून. आता ९७ टक्के. किट तेच, काडी तीच, पण पॉझिटिव्हचा अर्थ बदलला, कारण रांगेतली माणसं बदलली. म्हणून "या टेस्टचा पॉझिटिव्ह किती टक्के खरा?" या प्रश्नाला किटच्या खोक्यावरून उत्तर देताच येत नाही. खोक्यावर छापलेलं असतं ते P(+|D). P(D) खोक्याला माहीत नसतो.

त्या सूचनेत हे किट प्रतिबंधित क्षेत्रांत आणि रुग्णालयांत वापरायला सांगितलं होतं आणि पॉझिटिव्ह आलेला खरा पॉझिटिव्ह धरायचा होता. अशा ठिकाणी बाधितांचं प्रमाण जास्त, त्यामुळे तो नियम हिशोबात बसतो. लक्षणं असून निगेटिव्ह आलेल्याची मात्र आरटीपीसीआर करायची होती. तेही उघड आहे. ओपीडीच्या हिशोबात २,००० बाधितांपैकी ३२० निगेटिव्ह होऊन घरी चालले होते.

आणि हो, या चकव्यात फक्त हॉस्टेलची पोरं सापडत नाहीत. अमेरिकेत १९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतले डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून ६० जणांना असाच प्रश्न विचारला होता. आजार हजारात एकाला, चुकून पॉझिटिव्ह ५ टक्के. उत्तर सुमारे २ टक्के यायला हवं होतं. ६० पैकी फक्त ११ जणांनी ते दिलं. सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के, म्हणजे आमच्या विंगमधल्या दोघांचं. हे ऐकून ते दोघं आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते.

मग पॉझिटिव्ह आलेल्याने करायचं काय? पुन्हा तपासणी. आमच्याच प्रश्नातले ५८५ जण परत रांगेत उभे करा. ९० आजारींपैकी ८१ पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि ४९५ पैकी सुमारे २५. आता १०६ पैकी ८१, म्हणजे ०.१५ वरून थेट ०.७६ च्या आसपास. तिसऱ्यांदा केली तर ०.९८. एचआयव्हीचं निदान करताना आपल्याकडे शासकीय केंद्रात एका पॉझिटिव्हवर कधीच थांबत नाहीत. लक्षणं नसलेल्या माणसाच्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तरच तसा अहवाल देतात, त्याचं गणित हेच.

यात एक गोम आहे, आणि ती सरांनी सांगितल्याशिवाय मला सुचली नसती. वरचा गुणाकार दोन चाचण्या स्वतंत्र असतील तरच चालतो. एखाद्याच्या रक्तातलं काहीतरी त्या किटला फसवत असेल, तर तेच किट दहा वेळा वापरलं तरी दहाही वेळा पॉझिटिव्ह येईल. ४९५ चे २५ होणारच नाहीत, ४९५ च्या आसपासच राहतील, आणि आपण मात्र ०.९८ धरून बसू. म्हणून त्या तीन चाचण्यांची किट वेगवेगळ्या प्रतिजनांची किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी घेतात.

सातव्या प्रश्नाचे दोन मार्क काही परत मिळाले नाहीत. पण एन्ड सेमला असाच प्रश्न आला तेव्हा मी उत्तरपत्रिकेच्या समासात आधी "कोणापैकी?" असं लिहिलं, मग १०,००० माणसं उभी केली.