रमजानआधीचे नव्वद दिवस : नव्या खात्याचा हिशेब

मीरा रोडच्या नया नगरमध्ये घरबसल्या बुरखे-अबाया शिवणाऱ्या एखाद्या भगिनीचा विचार करू. हात चांगला आहे, पण इमारतीबाहेर कोणी ओळखत नाही. जाहिरातीसाठी पैसे नाहीत. इन्स्टाग्रामवर धंद्याचे खाते नुकतेच उघडले आहे आणि त्यावर एकही माणूस नाही. अशा खात्याची सुरुवात जमादिउल आखिरच्या पहिल्या तारखेला करावी. तो महिना, रजब आणि शाबान मिळून साधारण नव्वद दिवस होतात. रमजानच्या मध्यावर शिंपी नवे काम घेणे बंद करतात, म्हणून ओळख त्याआधीच व्हावयास हवी.

पहिले दहा दिवस कोणालाही खात्याचा पत्ता देऊ नये. प्रथम नाव ठरवावे. खात्यात नावाची जी जागा असते ती शोधात धरली जाते, म्हणून तेथे नुसते दुकानाचे हौशी नाव न घालता Abaya Stitching Mira Road असे, लोक जे टाइप करतात तेच लिहावे. हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येते, तेव्हा आधी विचार करावा. खाली किमान शिलाई, किती दिवसांत मिळेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर द्यावा. मग आठ-नऊ चित्रे व रील टाकून ठेवाव्यात. रिकाम्या दुकानात शिरलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे येथेही खरे आहे.

पुढे आठवड्याला तीन रील पुरेत. विषय काय घ्यावा? गिऱ्हाईक जे विचारते ते. सर्वांत जास्त विचारले जाते ते कापड किती लागेल. खांद्यापासून खालपर्यंत 54 इंच लांबीची साधी अबाया असेल तर पुढची व मागची बाजू मिळून 108 इंच, दुमडण्यासाठी थोडे धरून 58 इंच पन्ह्याचे कापड सुमारे तीन मीटर. घेर जास्त असेल किंवा ओढणीही हवी असेल तर अधिक. हा हिशेब टेप हातात धरून अर्ध्या मिनिटात दाखविला तर बायका तो जपून ठेवतात आणि बहिणीला पाठवितात. नुसत्या "नवीन डिझाईन" या चित्राला तसे होत नाही. धंद्याच्या खात्याला सिनेमाची गाणी सहसा मिळत नाहीत. त्याचे दुःख नको, स्वतःच्या आवाजात बोलावे. कपडा हँगरवर दाखवावा. गिऱ्हाइकाचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नये.

आता चूक कोठे होते ते पाहू. दहाव्या दिवशी खाते सुरू झाल्याचे सांगितले की प्रथम नातेवाईक येतात. गावाकडचे चुलतभाऊ, आखातातले मामा. आकडा शंभरावर जातो आणि आपण खूश होतो. पण त्यांतील कोणी नया नगरात अबाया शिवून घेणार नाही. शिवाय असे लोक रील न पाहताच पुढे सरकतात, आणि तिचा प्रसार तेथेच थांबतो. विकत घेतलेल्या फॉलोअरचे तर असेच, त्याहून वाईट. ओळखण्याची खूण सोपी आहे. खात्याच्या आकडेवारीत फॉलोअर कोणत्या शहरांतील आहेत ते दिसते. मीरा-भाईंदर आणि मुंबई वरच्या ओळींत नसतील तर गर्दी चुकीची आहे.

त्यापेक्षा जुन्या वीस गिऱ्हाइकांना एकेक निरोप पाठवावा आणि आपला नंबर सेव्ह करण्याची विनंती करावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. कोठून तरी मिळविलेल्या अनोळखी नंबरांना निरोप पाठवू नये. लोक तक्रार करतात आणि नंबरच बंद पडू शकतो.

एक वही ठेवावी : तारीख, कोठून आले, काय विचारले, काम झाले का. उदाहरणादाखल आकडे घेऊ. तिसाव्या दिवशी चौदा चौकश्या आणि एकच काम. वही पाहता नऊ जणींनी "कितीला?" विचारून पुढे उत्तर दिले नाही. म्हणजे रील पाहिली जात आहे, भाव मात्र दिसत नाही. प्रत्येक रीलखाली शिलाई लिहिली की पुढच्या महिन्यात चौकश्या कदाचित दहावर येतील, पण कामे चार होतील. याला घट समजू नये. उलट चौकशीच आली नसती तर दोष रीलच्या विषयात शोधावा लागला असता.

साठाव्या दिवशी, म्हणजे शाबान लागताना, सर्वांत जास्त जपून ठेवलेल्या दोन रील निवडाव्यात आणि तोच विषय वेगळ्या मापाने, वेगळ्या कापडावर पुन्हा करावा. नवे विषय शोधू नयेत. याच महिन्यात रमजानच्या कामाची शेवटची तारीख खात्यावर लिहावी. ती ठरविताना आपला हात मोजावा : दिवसाला दोन नग होत असतील तर वीस दिवसांत चाळीस, त्यांतले पाच दुरुस्तीसाठी सोडून पस्तीसच घ्यावेत. छत्तिसाव्या गिऱ्हाइकाला ईदनंतरची तारीख द्यावी.