वरच्या काकूंना काय लिहू?

अगं, फोटो बघितला. बेडरूमच्या छताला, बाथरूमच्या भिंतीलगत तो पिवळा डाग आणि भोवती चहा सांडल्यासारखा तपकिरी काठ. चार दिवस तू मेसेज लिहितेयस आणि पुसतेयस, हेही कळलं. वरच्या काकू चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात दर कार्यक्रमाला भेटतात, मग वाईटपणा कोण घेणार!

खरं सांगू का, माझ्यासारखं करू नकोस. शंकरनगरात असताना मी रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर डागाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आपले बाथरूम त्वरित दुरुस्त करावे." पाणी निघालं डक्टमधल्या सोसायटीच्या पाइपातून! वरच्या वहिनी त्या वर्षी माझ्या हळदीकुंकवाला फिरकल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून आधी पेन्सिलीने डागाच्या कडेकडेने रेघ ओढ, शेजारी तारीख घाल आणि फोटो काढ. दोन-तीन दिवसांनी ओल रेघेबाहेर गेली का ते बघ. तू म्हणालीस, काकू चार दिवस राजनांदगावला होत्या तेव्हा डाग सुकत आला आणि त्या परतल्यावर पुन्हा ओला झाला. बघ, अर्धं उत्तर इथेच आहे. नळाच्या पाइपात सतत दाब असतो, तो फुटला असता तर घर बंद असतानाही पाणी झिरपलं असतं. फक्त जाताना त्यांनी बाथरूमचा कॉक बंद केला होता का, तेवढं विचार. चालू असेल, तर बहुतेक फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा तो भाग जिथून अंघोळीचं पाणी खाली जातं. पाऊस नाही, कारण मधल्या चार दिवसांत तो धो धो कोसळत होता.

आता मेसेज. ग्रुपवर नाही, फक्त त्यांना, आणि सकाळची कामं आटोपल्यावर. असा लिही:

"काकू, नमस्कार. आमच्या बेडरूमच्या छताला तुमच्या बाथरूमच्या खाली ओल आलीय, फोटो पाठवते. तुम्ही गावाला होतात तेव्हा ती सुकली होती, म्हणून पाणी वरून येतंय असं वाटतं. नक्की कुठून ते मला कळत नाही. तुम्ही एकदा खाली येऊन बघाल का? रविवारी सकाळी प्लंबरला बोलावू या का, दोघी मिळून बघू. दुरुस्ती निघाली तर ती पुढच्या पंधरवड्यात झाली तर बरं, डाग दिव्याकडे सरकतोय. जाताना बाथरूमचा कॉक चालू होता का, तेवढंही सांगाल?"

बघ, यात "तुमच्यामुळे" कुठेच नाही, पण दिवस आहे आणि मुदतही आहे. नुसतं "जमेल तेव्हा बघा" लिहिलंस तर दिवाळी येईल गं! खर्चाचं पहिल्या मेसेजमध्ये काढू नकोस. आधी दोष कुठे आहे ते ठरू दे. सहसा घरातल्या बाथरूमचं काम घरमालकाचं आणि सामायिक पाइपाचं सोसायटीचं, तरी तुमच्या सोसायटीचे नियम एकदा वाच. दिव्याजवळ ओल पोचली तर मात्र त्या खोलीचा एमसीबी पाड आणि इलेक्ट्रिशियनला आधी बोलाव. तिथे भीड नको.

प्लंबर येईल आणि "सीलन है" म्हणून सगळी फरशी उखडायला सांगेल. थांबव त्याला. आधी जाळीचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करायचं, फरशीवर बोटभर पाणी साठवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. खाली तुझी रेघ ओलांडली गेली, तर फरशीचे सांधे. नाही गेली, तर एकदोन दिवस जाऊ दे आणि मग फरशी कोरडी ठेवून पाणी थेट जाळीत ओतायचं. तेव्हा ओल वाढली, तर ट्रॅपचा जोड. पाण्यात नीळ टाकतात, पण काँक्रीटमधून झिरपताना रंग गळून जातो, म्हणून निळं दिसलं नाही म्हणून काकूंना निर्दोष ठरवू नकोस.

सांधे निघाले तर जुनं ग्राउट खरवडून नवं भरणं, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. ट्रॅपचा जोड निघाला तर त्याच्याभोवतीची फरशी फोडावी लागते. ती बंद करण्याआधी पुन्हा पाणी साठवून बघायला सांग, नाहीतर तीच कटकट परत.

आणि रंगाऱ्याला लगेच बोलावू नकोस! मी आठव्या दिवशी पुट्टी लावली आणि दिवाळीच्या आतच ती पापडासारखी सुटली. पावसाळ्यात छत सुकायला महिनाही लागतो. हातभर प्लास्टिकचा तुकडा डागावर चारही बाजूंनी टेपने चिकटव आणि एक रात्र ठेव. सकाळी आतून दमट दिसला तर अजून आठ दिवस थांब. कोरडा निघाला की आधी तेलाचा प्रायमर मार, नाहीतर पांढऱ्या रंगातून तो पिवळा काठ पुन्हा डोकावतो.